बदरुन्निसाच्या हातची धार

मालेगावच्या मुसाफिर बंगल्याचा खानसामा मुनाफ सूप करायचा ते इतकं निवळ, की ताटलीच्या तळाशी काढलेली निळी फुलं वरून स्पष्ट दिसायची. वाशीमच्या रस्त्यानं दौऱ्यावर निघालेले साहेबलोक बंगल्यात उतरले की दुपारच्या जेवणाला आधी ते सूप मागायचे. मुनाफलाही त्याचा अभिमान होता. कोंबडीच्या हाडांचा रस्सा तो सकाळपासून मंद चुलीवर ठेवायचा, वरचं तूप पळीनं काढायचा, मग रस्सा पार थंड करून त्यात अंड्याचं फेटलेलं पांढरं घालायचा आणि पुन्हा हळूहळू तापवायचा. रश्शातला सगळा गाळ त्या पांढऱ्याला चिकटून वर यायचा. ती साय बाजूला सारून रस्सा मलमलीतून गाळला की खाली उरायचं ते सोन्यासारखं पाणी. मुनाफच्या लेखी अंडं म्हणजे सूप धुवायचा साबण होता. गाळ घेऊन त्यानं निघून जावं, सुपात राहू नये.

त्याची बायको बदरुन्निसा. बंगल्याच्या मागं, स्वयंपाकघराला लागून त्यांची दोन खोल्यांची वस्ती होती. मूलबाळ झालं नाही. तिनं कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांच्यावर तिचा जीव होता. बंगल्याला लागणारी अंडी तिच्याच खुराड्यातून जायची. घरात दोघं हिंदुस्थानी आणि वऱ्हाडी अशी सरमिसळ बोलायची. मुनाफला बोलायला फार लागायचं, बदरुन्निसाला कमी. ती बघायची मात्र सगळं.

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात एक चिनी कापडवाला सायकल ढकलत बंगल्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. त्या काळी असे चिनी फेरीवाले रेशमाचे गठ्ठे सायकलीला बांधून गावोगाव हिंडायचे, वऱ्हाडातही यायचे. अकोल्याहून तो रिसोडकडे निघाला होता. फाटकाशी त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच खाली बसला. अंगात ताप फणफणत होता.

बंगल्याचा चौकीदार देवला म्हणाला, "चाचा, याले गावातल्या धर्मशाळेत पाठवू का? साहेबाचा बंगला आहे, कोणी पाह्यलं तर बोलन."

"बंगल्यात कोण ठेवून राह्यलं त्याले?" मुनाफ म्हणाला. "माह्या ओसरीत टाक. ओसरी माही आहे."

चार दिवस ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. दवाखान्यातली कुनैनची पुडी देवलानं आणून दिली. पाचव्या दिवशी घाम फुटला आणि ताप गेला. पण त्या माणसाच्या पोटात काही जाईना. वांग त्याचं नाव. बदरुन्निसानं मऊ खिचडी केली, त्यानं दोन घास घेऊन हात जोडले. साबुदाण्याची पेज तशीच राहिली. मुनाफनं आपलं ते नामांकित निवळ सूप आणून दिलं. ते तो प्यायला, पण प्याल्यावर बोटानं हवेत काहीतरी लांब लांब ओढून दाखवू लागला.

"अंडा," तो म्हणाला. "सूप में अंडा. पतला. लंबा."

मुनाफला वाटलं, हे काय अवघड! त्यानं रस्सा खळखळून उकळला, दोन अंडी फेटली आणि वाटी उपडी केली. क्षणात सगळ्याचा एक गोळा झाला. वर पिवळा, आत कच्चा. पळीनं फोडायला गेला तर त्याचे स्पंजासारखे तुकडे झाले. वांगनं ताटलीत पाहिलं आणि मान हलवली. रागानं नाही. घरच्या आठवणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यात तो हसला.

मुनाफला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं विचार केला, काल आच जास्त झाली. म्हणून रस्सा उतरवून कोमट होऊ दिला आणि मग अंडं सोडून चांगलं ढवळलं. अंडं कुठं गेलं तेच कळेना. सोन्यासारखा रस्सा भाताच्या पेजेसारखा पांढरट गढूळ झाला. आयुष्यभर ज्यानं सूप निवळ ठेवलं, त्याच्याच हातानं ते गढूळ झालं. तो ताटली घेऊन बाहेर आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी वांग स्वतः भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आला. मुनाफनं त्याला पाट दिला. बदरुन्निसा दाराच्या पडद्याआड उभी राहिली.

वांगनं आधी खुणेनं काहीतरी पांढरं पीठ मागितलं. मुनाफनं तीन डबे उघडून दाखवले. आरारोटाच्या डब्यावर त्यानं बोट ठेवलं. चमचाभर आरारोट थंड पाण्यात गुठळी राहणार नाही असं कालवून त्यानं ते उकळत्या रश्शात घातलं. रस्सा गढूळ न होता जरासा दाट झाला, त्याला एक चमक आली. मग त्यानं चुलीतली दोन लाकडं मागं ओढली. खळखळ थांबली. कडेनं तेवढे बारीक बुडबुडे येत राहिले. अंडी त्यानं सरपणातून उचललेल्या दोन बारीक काड्यांनी मोडली. मुनाफ फेटायचा तशी फेस येईपर्यंत नाही, फक्त पांढरं आणि पिवळं एकजीव होईपर्यंत, आणि त्यात चमचाभर पाणी टाकलं. मग रस्सा पळीनं एकाच दिशेनं हळू फिरवला, पळी काढून घेतली, वाटीच्या काठावर त्याच दोन काड्या धरल्या आणि त्यांच्यावरून अंड्याची दोऱ्याएवढी धार उंचावरून सोडली. रस्सा फिरत होता आणि धार त्याच्यावर पसरत जात होती.

एवढं झाल्यावर त्यानं काहीच केलं नाही. नुसता बघत बसला. मग एकदाच पळी हलकेच फिरवली आणि देगची उतरवली.

सुपात पिवळसर पांढऱ्या फिती तरंगत होत्या. पातळ, लांब, एकीला दुसरी न चिकटलेली. खाली रस्सा तसाच स्वच्छ. वांगनं आपल्या गठ्ठ्यातून रेशमाची एक कातरलेली पट्टी आणली, खिडकीतल्या वाऱ्यावर धरली आणि सुपाकडे बोट दाखवलं. मुनाफला भाषा समजली.

"या अल्ला," तो म्हणाला. "हे अंडं आहे?"

वांग गेल्यावर मुनाफ रोज तो प्रकार करायला लागला. आरारोट तेवढंच, आच तेवढीच, काड्यांऐवजी त्यानं साहेबाच्या टेबलावरचा काटा घेतला आणि त्याच्या दातांवरून धार सोडली. तरीही फिती तुटून चुरा व्हायचा. आठव्या दिवशी बदरुन्निसा पडद्याआडून म्हणाली, "तो थांबला होता."

"कोण?"

"तो चिनी. धार सोडल्यावर थांबला होता. तुमी लगेच पळी घालता. कच्चं अंडं ढवळलं तर फाटन नाई तं काय होईन?"

"किती थांबला?"

"दहापर्यंत मोजलं मी मनात."

मुनाफनं दहा मोजले. त्या दिवशी फिती अखंड उतरल्या. मुनाफनं ती ताटली स्वतः खाल्ली नाही, साहेबाला दिली नाही. पडद्याआड सरकवली.

पुढची आठ-नऊ वर्षं त्या सुपाचं नाव झालं. रस्त्याचा इंजिनियर, जंगलखात्याचा साहेब, जो उतरेल तो मागायचा. वांग आणखी दोनदा येऊन गेला, नंतर त्याच्या देशात लढाई पेटली आणि तो यायचा बंद झाला. बदरुन्निसानं मात्र स्वतः ते सूप एकदाही केलं नाही. बंगल्याची चूल मुनाफची होती.

एकोणीसशे चाळीसच्या सुमारास मुनाफच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. आधी डाव्या, मग उजव्या. कोणाला बोलला नाही. खानसाम्याला दिसत नाही म्हटलं तर त्याला कोण ठेवील? डब्यांच्या जागा पाठ होत्या, कांदा हाताला कळायचा, मांस शिजल्याचं वासानं समजायचं. बदरुन्निसाला शंका यायची. एकदा त्यानं चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि चेहराही न बदलता पेला संपवला. त्या दिवसापासून तिनं मिठाचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

पुढच्या वर्षी थंडी सरताना अकोल्याहून डॉक्टर भगवंतराव दवाखाने तपासायच्या दौऱ्यावर आले आणि बंगल्यात तीन दिवस उतरले. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यांनी जेवणात एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या त्या अंड्याच्या सुपाचं फार ऐकलंय, ते करा.

दुपारी देवला ताटली घेऊन गेला आणि तशीच परत घेऊन आला.

"चाचा," तो दबल्या आवाजात म्हणाला, "हे काय झालं? दूध फाटल्यावानी दिसून राह्यलं. मंधात अंड्याचं ढेकूळ आहे."

"काही नाई झालं. रोज करतो तसंच केलं."

"डाक्तरसाहेब काही बोलले नाई. म्हणे, खानसाम्याची तब्येत बरी नाई का?"

मुनाफनं ताटलीत बोट घातलं. बोटाला गोळा लागला. तो चुलीपाशी तसाच बसून राहिला. रस्सा किती उकळतोय ते त्याला दिसलं नव्हतं, धार जाड पडतेय का बारीक तेही दिसलं नव्हतं. सवयीवर इतकी वर्षं निघाली होती, आज सवयीनं दगा दिला.

बदरुन्निसा पडदा सारून आत आली. साहेब बंगल्यात असताना ती कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. तिनं त्याच्या तोंडापुढं हात हलवला.

"किती बोटं?"

"बद्रू, जाय तू."

"किती बोटं म्हणते मी?"

त्यानं तोंड चुलीकडं फिरवलं.

"काहून लपवून ठेवलं मायापासून?" ती खाली बसली. "मी का साहेब आहो तुमची?"

मुनाफला रडू आलं. त्यानं डोक्याचा पटका काढून तोंडावर धरला. बदरुन्निसानं त्याला रडू दिलं. मग उठून खुराड्याकडं गेली आणि ओटीत आठ अंडी घेऊन आली.

"सांगा मले," ती म्हणाली. "उद्याचं सूप मी करते. तुमी फक्त सांगा."

ती दुपार दोघांनी चुलीपाशी काढली. पहिल्या खेपेला तिची धार जाड पडली आणि फितीऐवजी चिंध्या झाल्या. दुसऱ्या खेपेला ती घाबरून इतकी सावकाश ओतत राहिली, की शेवटची धार पडेपर्यंत पहिली दगडासारखी घट्ट झाली. मुनाफ नुसता ऐकत होता. त्याचे कान डोळ्यांच्या जागी आले होते.

"थांब. अजून खदखदून राह्यलं. लाकूड मांगं ओढ."

"ओढलं."

"आणखी थोडं. हां, आता कसं, एकेक बुडबुडा फुटल्याचं ऐकू येते ना? तेवढंच पायजे. याच्याहून खाली जाऊ देऊ नको, नाई तं अंडं विरघळून जाईन. फिरव आता. एकाच बाजूनं. पळी काढली का?"

"काढली."

"सोड धार. काट्यावरून सोड. हात फिरवत ने, एका जागी ओतू नको."

तिनं सोडली.

"आता काही करू नको."

"ते तुमी मले सांगता?" बदरुन्निसा म्हणाली. "ते तं मीच सांगितलं होतं तुमाले."

मुनाफ हसला. त्या दिवशी पहिल्यांदा. तिसऱ्या खेपेचं सूप त्यानं चमच्यानं तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि म्हणाला, "गोळा नाई. एकबी नाई." आणि लगेच पुढं म्हणाला, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. बदरुन्निसानं ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटली रिकामी परत आली. देवलाच्या मागोमाग डॉक्टर स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. आत बघतात तो एक बाई चुलीपाशी, डोक्यावरून पदर ओढलेला, हातात काटा, आणि खानसामा शेजारी पाटावर बसून देगचीकडे कान लावून आहे. बदरुन्निसा चटकन पडद्याआड गेली. मुनाफ उठून उभा राहिला, पण सलाम केला तो डॉक्टरांच्या बाजूला, भिंतीला.

डॉक्टर जवळ आले. त्यांनी मुनाफची हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला.

"किती दिवस झाले?"

"साहेब, माफी. सूप मी नाई केलं. घरवालीनं केलं."

"सुपाचं विचारत नाही मी. डोळ्यांचं विचारतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. डावा पिकलेला आहे. अकोल्याला या, काढून टाकू."

"साहेब, नोकरी..."

"तुम्हाला दिसत नाही असं मी तुमच्या साहेबाला सांगणार नाही. उपचारासाठी रजा द्या म्हणून चिठ्ठी देईन."

डॉक्टर गेले. मुनाफनं आठ दिवस लावले. डोळ्यात सुरी घालणार या विचारानंच त्याला झोप येईना. कधी म्हणे उन्हाळा जाऊ दे, कधी म्हणे कोंबड्या कोण बघेल. शेवटी बदरुन्निसानं कोंबड्या देवलाच्या हवाली केल्या, नुसत्या हवाली नाही तर कोणती कुठं अंडं घालते ते दाखवून, आणि एक टोपली भरून अंडी भुश्यात घालून बांधली. अकोल्याला जाणाऱ्या प्रवासी सर्विस मोटारीत मुनाफला खिडकीशी बसवलं आणि टोपली मांडीवर घेऊन स्वतः त्याच्याशेजारी बसली. अकोल्यापर्यंत एक अंडं फुटलं नाही.

डोळ्यात दवा टाकून, शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया झाली. मुनाफनं मनात कलमा म्हटला आणि हलला नाही. नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्याला उताणा निजवलं.

डॉक्टर बदरुन्निसाला म्हणाले, "बाई, आता काम तुमचं. नऊ दिवस हा माणूस हलायचा नाही. चावायचं नाही, जबडा हलला की डोळ्यावर ताण येतो. आणि खोकला, ठसका अजिबात नको. एक जोराचा ठसका लागला तर टाका सुटेल आणि डोळा हातचा जाईल. पातळ द्या, पण ताकद येईल असं द्या."

बदरुन्निसानं मान हलवली. ताकद येईल असं, न चावता गिळता येईल असं आणि घशात अडकणार नाही असं एकच अन्न तिला ठाऊक होतं.

दवाखान्याच्या मागं नातेवाइकांनी स्वयंपाक करायची जागा होती. तिथं तिनं तीन दगड मांडून कोंबडीच्या हाडांचा रस्सा चढवला. काटा मालेगावलाच राहिला होता. तिनं कडुनिंबाच्या दोन बारीक काड्या सोलल्या, उकळत्या पाण्यात धुतल्या आणि वाटीच्या काठावर धरल्या. बंगल्यात बिघडलं असतं तर ताटली परत आली असती. इथं एक गोळा मुनाफच्या घशात गेला तर काय, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारी कान लावून बसणाराही आज नव्हता. तिनं डोळे मिटून रस्सा ऐकला. बुडबुडा एकेक करून फुटत होता. मग डोळे उघडून धार सोडली आणि मोजायला लागली.

सूप झाल्यावर ते तिनं दुसऱ्या भांड्यात हळूहळू ओतून प्रत्येक फीत पाहून घेतली. थोडं निवू दिलं. मुनाफच्या ओठांना चमचा लावला.

"गिळा. चावू नका."

त्यानं गिळलं. ठसका लागला नाही. फीत जिभेवरून आपोआप घसरत गेली.

"मीठ..." तो पुटपुटला.

"तोंड हलवायचं नाई म्हणे डाक्तर," बदरुन्निसा म्हणाली, आणि दुसरा चमचा लावला.

असे चार दिवस गेले. शेजारच्या खाटेवर रिसोडकडचे उदयसिंग म्हणून एक रजपूत गृहस्थ होते, त्यांचाही मोतीबिंदू काढलेला. पेज पिऊन पिऊन ते कंटाळले होते. मुनाफच्या चमच्याचा वास आला की विचारायचे, "मियां, काय खाऊन राह्यले?" मुनाफला बोलायची बंदी, म्हणून तो फक्त हातानं लाटा काढून दाखवायचा, आणि उदयसिंगांना पट्टीमुळं त्या दिसायच्या नाहीत.

त्यांची बायको सुंदरबाई, घाईची पण मनानं चांगली. तिनं बदरुन्निसाला दुरून करताना पाहिलं आणि पाचव्या दिवशी आपलं आपण करून नवऱ्याला भरवलं. दुसऱ्याच चमच्याला उदयसिंगांच्या घशात काहीतरी अडकलं. ते खोकले. पुन्हा खोकले. सुंदरबाई किंचाळली. नर्स धावत आली, दोन्ही हातांनी तिनं त्यांचं डोकं धरून ठेवलं आणि मोठ्यानं सांगत राहिली, तोंड उघडा, हळू श्वास घ्या, हळू. थोड्या वेळानं खोकला थांबला. डॉक्टरांनी येऊन पट्टी उघडली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वाचला. टाका धरून आहे."

सुंदरबाई मागच्या चुलीपाशी जाऊन बसली, तोंडात पदर कोंबून. बदरुन्निसा तिच्या शेजारी बसली. सुंदरबाईच्या पातेल्यात तिनं पळी घातली. आत अंड्याचे जाड गोळे होते आणि रस्सा ताकासारखा झालेला.

"माह्या हातून त्यायचा डोळा जाणार होता व माय," सुंदरबाई म्हणाली.

"नाई गेला. उठ. दोन अंडी घे."

"मले नाई जमणार आता."

"बंगल्याचा खानसामा आहे माहा नवरा. त्याचाबी पहिल्यांदा गोळाच झाला होता," बदरुन्निसा म्हणाली. "आणि दुसऱ्यांदा गढूळ पाणी झालं. तो तं बाहेरच आला नाई तोंड दाखवाले."

सुंदरबाईला रडता रडता हसू आलं.

मग बदरुन्निसानं, जी घरात दिवसभरात दहा शब्द बोलायची, तिनं एकेक करून सांगितलं. आरारोट थंड पाण्यातच कालव, गरम पाण्यात टाकलं की गुठळी होते. ते घातल्यावर रश्शाला एक उकळी येऊ दे, मग आच कमी कर. अंड्याला फेस आणू नको. तू सगळी वाटी एकदम ओतली म्हणून गोळा झाला, आणि वरून ढवळत बसली म्हणून गढूळ झालं. बारीक सोड. सोडलं की हात मागं घे. सुंदरबाईनं केलं. धार सोडली आणि सवयीनं पळीकडं हात नेला. बदरुन्निसानं तिचा हात धरून ठेवला. दोघी मोठ्यानं दहापर्यंत मोजत राहिल्या, आणि चुलीपाशी बसलेल्या बाकीच्या बाया वळून पाहायला लागल्या.

त्या संध्याकाळी उदयसिंगांनी अख्खी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी मागच्या आवारात पाच चुलींवर अंड्याचं सूप चढलं होतं. टोपलीतली अंडी संपली तेव्हा कोणीतरी शेतातून आणखी आणून दिली. अंडं न खाणाऱ्या घरच्या बायकाही बघायला यायच्या.

दहाव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी मुनाफपुढं बोटं धरली. त्यानं ती बरोबर मोजली, पण सगळं अजून पाण्यातून पाहिल्यासारखं होतं. महिना-दीड महिन्यानं भिंगाचा जाड चष्मा आला, तेव्हा खरं दिसलं. चष्मा चढवून त्यानं पहिल्यांदा समोर पाहिलं, तर समोर बदरुन्निसा उभी होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"तू म्हातारी झाली वं बद्रू," तो म्हणाला.

"तुमी का कवळे राह्यले?" ती म्हणाली. पण पदरानं तिनं त्याच्या चष्म्याची काच पुसून दिली. काच स्वच्छच होती.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी तिला तिथं स्वयंपाकाला राहायचं विचारलं होतं. ती म्हणाली, कोंबड्या वाट पाहत असतील. देवलानं कोंबड्या नीट सांभाळल्या होत्या, फक्त एक मुंगसानं नेली, आणि ते सांगताना तोच बिचारा रडकुंडीला आला होता.

मुनाफ पुन्हा चुलीपाशी उभा राहिला. भाजलेलं मांस, पुडिंग, निवळ रस्सा, सगळं त्याचं. अंड्याची धार मात्र बदरुन्निसाची झाली. एकदा त्यानं चष्मा लावून स्वतः सोडून पाहिली. चांगली झाली होती. बदरुन्निसानं पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे." त्यानंतर त्यानं काटा तिच्याच हाती दिला.

पुढं मालेगावात कोणाकडं आजारी माणूस असलं, बाळंतीण अशक्त असली, कोणाच्या घशाला काही उतरत नसलं, की बदरुन्निसाला बोलावणं यायचं. ज्यांच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नसे ते अंगणात चूल मांडून द्यायचे. ती मुनाफला घेऊनच जायची. टोपली त्याच्या हाती असायची. जाड चष्म्यातून प्रत्येक ओळखीचा चेहरा तो लांबूनच हेरायचा, थांबवायचा आणि आज कुठं, कोणाकडं, कायले निघालो ते सगळं सांगायचा. बदरुन्निसा दहा पावलं पुढं जाऊन उभी राहायची.

"चला लवकर," ती म्हणायची. "तिकडं माणूस उपाशी आहे."

"आलो, आलो," मुनाफ म्हणायचा, आणि आणखी एकाला थांबवायचा.